आरओच्या पाण्यात खनिजं परत घालताना : एस्प्रेसो मशीन जपणाऱ्या दोन कृती

एस्प्रेसो मशीनला पाण्याचा त्रास दोन बाजूंनी होतो. जड पाणी घातलं तर बॉयलरमध्ये क्षारांचा थर बसतो, बारीक छिद्रं बुजतात आणि हीटर त्या थराखाली तापत राहतो. हे टाळायला थेट आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घातलं, तर वेगळ्या तक्रारी सुरू होतात. टाकी भरलेली असते आणि मशीन 'पाणी संपलं' म्हणतं, बॉयलर गरजेपेक्षा जास्त भरतो, पितळ आणि तांब्याचे भाग हळूहळू झिजतात, आणि कॉफी आंबट व पोकळ लागते. यावरचा उपाय म्हणजे आधी पाणी जवळजवळ कोरं करून घ्यायचं आणि मग त्यात आपल्याला हवं तेवढंच, मोजून, परत घालायचं. खाली दिलेल्या दोन्ही कृतींना मिळून तीन पांढऱ्या पावडरी, एक छोटा काटा आणि एक सिरिंज पुरते.

काय घालायचं आणि काय नाही

किटलीच्या तळाशी बसणारा पांढरा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो बसायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात, पाण्यातलं कॅल्शियम आणि पाण्यातलं बायकार्बोनेट. पाणी तापलं की बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कार्बोनेट उरतं. हे कार्बोनेट कॅल्शियमशी जोडी जमवून बाहेर पडतं. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात, हा मात्र गरम पाण्यात कमी विरघळतो. म्हणून तो नळापेक्षा हीटरवर जास्त बसतो. दोघांपैकी एक काढलं की थर बसायचं थांबतं.

काढायचं ते कॅल्शियम. बायकार्बोनेट ठेवायला हवं, कारण मशीनचं रक्षण तेच करतं. कोरं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि किंचित आम्ल होतं. हे आम्ल थोपवणारं पाण्यात काहीच नसेल, तर ते धातूवर काम करतं. आम्ल थोपवण्याच्या या क्षमतेला अल्कता म्हणतात आणि आपल्या पाण्यात ती बायकार्बोनेटमुळे येते. कॉफीच्या चवीतही हाच धागा आहे. बायकार्बोनेट कॉफीतल्या आम्लांना थोडं शमवतं. अगदी कमी असेल तर कॉफी टोचते आणि जास्त झालं तर सपाट, खडूसारखी लागते.

टाळायची तिसरी गोष्ट म्हणजे क्लोराइड, म्हणजे मुख्यतः मीठ. गरम पाण्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पाडतं. हा गंज वरून दिसत नाही. एका बिंदूतून तो खोल जातो आणि एक दिवस तिथून बॉयलर गळू लागतो. क्षारांचा थर सायट्रिक आम्लाने निघतो, पण पडलेलं भोक बुजत नाही. म्हणून 'आरओच्या पाण्यात चिमूटभर सैंधव टाका' हा सल्ला पिण्याच्या पाण्यासाठी कोणी दिला तर दिला, मशीनच्या टाकीत सैंधव कधीही जाऊ नये. सैंधव जवळपास सगळं मीठच असतं आणि मिठाच्या वजनात ६० टक्के क्लोराइड असतं. लिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे खरोखर चिमटीतली चिमूट टाकली, तरी ६० मिलिग्रॅम क्लोराइड पाण्यात येतं. मशीनसाठी साधारण ३० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा धरून चालावं, म्हणजे ही चिमूट त्याच्या दुप्पट झाली. बाजारात कॅल्शियम क्लोराइडचे थेंब मिळतात, त्यात तर नको असलेल्या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत.

थोडक्यात आपलं पाणी असं हवं : कॅल्शियम शून्याजवळ, क्लोराइड कमीत कमी, बायकार्बोनेट मोजून. चवीला थोडा भरीवपणा हवा असेल तर वर मॅग्नेशियम. मॅग्नेशियम कॉफीतली चव ओढून घ्यायला मदत करतं आणि कॅल्शियमसारखा चटकन कार्बोनेटचा थर धरत नाही.

आधी मूळ पाणी तपासा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. घरच्या आरओचं पाणी कोरं असतं असं धरून त्यात खनिजं घातली जातात, आणि तीन महिन्यांनी बॉयलरमध्ये थर सापडतो. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती आरओमध्ये टीडीएस कंट्रोलर किंवा मॉड्युलेटर नावाचा छोटा स्क्रू असलेला व्हॉल्व्ह असतो. मेम्ब्रेनमधून आलेल्या पाण्यात तो थोडं मूळचं, फक्त गाळलेलं पाणी परत मिसळतो. या मिसळीत बोअरचं सगळं कॅल्शियम आणि क्लोराइड जसंच्या तसं येतं. काही यंत्रांत याऐवजी किंवा याच्या जोडीला मिनरल किंवा अल्कलाइन कार्ट्रिज असतं. त्यातून किती कॅल्शियम सुटेल याचा भरवसा नसतो. नवं असताना जास्त सुटतं, जुनं झाल्यावर कमी.

तपासायला दोन साधनं लागतात. एक टीडीएस मीटर आणि दुसरं मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं थेंबांचं जीएच-केएच किट. टीडीएस मीटर खरं तर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतो आणि त्यावरून पाण्यात एकूण किती पदार्थ विरघळले आहेत याचा आकडा अंदाजाने दाखवतो. आत कॅल्शियम आहे की मीठ, हे तो सांगू शकत नाही. ते सांगायला थेंबांचं किट लागतं. जीएच म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून होणारा एकूण जडपणा, केएच म्हणजे अल्कता. बहुतेक किटमध्ये ५ मिली पाण्यात एक थेंब म्हणजे एक अंश, आणि एक अंश म्हणजे १७.९ पीपीएम. पाणी ५ ऐवजी १० मिली घेतलं की एक थेंब अर्ध्या अंशाचा होतो. आपल्या कामाला हीच बारकाई हवी, म्हणून नेहमी १० मिली घ्या. इथे पीपीएम म्हणजे लिटरला मिलिग्रॅम, आणि जडपणा व अल्कता दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात मोजतात. पुढे सगळीकडे हाच हिशोब आहे.

मॉड्युलेटर असेल तर मशीनसाठी पाणी काढण्यापुरता तो पूर्ण बंद करा. स्क्रू फिरवला म्हणजे लगेच कोरं पाणी येईल असं मात्र नाही, कारण आरओच्या टाकीत आधीचं मिसळलेलं पाणी शिल्लक असतं. टाकी एकदा पूर्ण रिकामी करून पुन्हा भरू द्या आणि मग मोजा. जडपणाच्या चाचणीत पहिल्याच थेंबाला रंग पालटला, तर कॅल्शियमची काळजी मिटली. टीडीएस ३०च्या खाली असेल तर पाणी उत्तम. ५०च्या वर असेल तर ते मशीनसाठी वापरू नका. मेम्ब्रेन कॅल्शियम जितकं चांगलं अडवतो तितकं मीठ अडवत नाही, त्यामुळे मॉड्युलेटर बंद असताना उरलेला टीडीएस मुख्यतः मिठाचा असतो. ५० टीडीएस सगळं मीठच आहे असं धरलं तर क्लोराइड ३० मिलिग्रॅमजवळ जातं. खारट बोअर असलेल्या किनारपट्टीच्या गावांत आणि मेम्ब्रेन जुना झालेल्या घरांत हा आकडा सहज दिसतो. तिथे आधी मेम्ब्रेन बदला किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या.

डिस्टिल्ड पाण्याबाबत एक इशारा. पेट्रोल पंपावर आणि गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी खनिजविरहित असलं तरी ते पिण्यासाठी बनवलेलं नसतं. कॅन, नळ्या, भरण्याची जागा, काहीच खाद्य दर्जाचं असेल याची खात्री नाही. ते कॉफीत जाऊ नये. पिण्यायोग्य असं लिहिलेलं डिस्टिल्ड पाणी किंवा घरच्या डिस्टिलरचं पाणी चालेल.

उलट बाजूही सांगायला हवी. मुंबईत आणि पुण्यात धरणाचं पाणी मुळातच मऊ असतं. नळाच्या पाण्याचा जडपणा दोन-तीन थेंबांत आणि अल्कताही तेवढ्यात संपत असेल, तर एवढा खटाटोप न करता क्लोरीन काढणारा साधा कार्बन फिल्टर पुरेल. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर मात्र उन्हाळ्यात पुन्हा तपासा, कारण मार्च-एप्रिलनंतर तेच पाणी वेगळं निघू शकतं.

पावडरी कुठल्या घ्यायच्या

खाण्याचा सोडा सगळ्यांच्या घरात असतो. पाकिटावर घटक म्हणून एकच नाव असायला हवं, सोडियम बायकार्बोनेट. बेकिंग पावडर चालत नाही, तिच्यात आम्ल आणि स्टार्च मिसळलेलं असतं. पोटासाठीचं फ्रूट सॉल्ट चालत नाही, त्यातही आम्ल असतं. धुण्याचा सोडा हा वेगळाच पदार्थ आहे आणि तो पोटात जाता कामा नये. पापडखारही नको, त्यात नेमकं काय आणि किती आहे हे पाकिटावरून कळत नाही.

पोटॅशियम बायकार्बोनेट किराणा दुकानात मिळत नाही. खाद्य दर्जाचं ऑनलाइन मिळतं, वाइन बनवणारे तेच वापरतात. ते मिळालं नाही तर पहिल्या कृतीतही खाण्याचा सोडा चालतो, चवीत थोडा फरक पडतो एवढंच.

मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट. इथे जपून घ्या. कृषी सेवा केंद्रात मिळणारं मॅग्नेशियम सल्फेट पिकांसाठी असतं, आंघोळीच्या एप्सम सॉल्टमध्ये कधी सुगंध असतो. खाद्य दर्जाचं किंवा मेडिकलमधलं आयपी लिहिलेलं घ्या. डब्यावर हेप्टाहायड्रेट किंवा `MgSO4·7H2O` असं लिहिलेलं हवं. या स्फटिकांच्या वजनातला निम्म्याहून थोडा जास्त भाग पाण्याचा असतो आणि खालची मापं त्याच हिशोबाने दिली आहेत. ड्राइड किंवा अ‍ॅनहायड्रस लिहिलेली पावडर त्याच मापाने घेतली तर मॅग्नेशियम दुपटीपर्यंत जाऊ शकतं. उघडं राहिलेलं पाकीट कोरड्या उन्हाळ्यात स्वतःहूनही असंच सुकतं. काचेसारखे पारदर्शक खडे पांढरट आणि भुसभुशीत दिसू लागले की ते बाजूला ठेवा आणि घट्ट झाकणाच्या बरणीतलं नवं घ्या.

दोन बाटल्या

कृतीत लागणारी पावडर इतकी थोडी असते की ती दर वेळी मोजता येत नाही. दुसऱ्या कृतीत एका लिटरला सोडा लागतो ०.०६७ ग्रॅम. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घेतला, तरी एवढ्या वजनात चूक १५ टक्क्यांच्या घरात जाईल. म्हणून आधी दाट द्रावण करायचं आणि मग ते सिरिंजने मोजायचं. ८.४ ग्रॅम मोजताना ०.१ ग्रॅम इकडेतिकडे झालं, तरी चूक सव्वा टक्क्याची.

अर्ध्या लिटरच्या स्वच्छ काचेच्या बाटल्या घ्या. पाणी तेच कोरं, तपासलेलं.

अल्कतेची बाटली : खाण्याचा सोडा ८.४ ग्रॅम किंवा पोटॅशियम बायकार्बोनेट १० ग्रॅम, यांपैकी एक. ४०० मिली पाण्यात विरघळवा, मग एकूण ५०० मिली होईल इतकं पाणी घाला.

मॅग्नेशियमची बाटली : एप्सम सॉल्ट १२.३ ग्रॅम, तसंच एकूण ५०० मिली.

ही मापं मुद्दाम अशी निवडली आहेत की दोन्ही बाटल्यांचा हिशोब एकच राहावा. एका लिटर पाण्यात १ मिली द्रावण घातलं की आकडा १० पीपीएमने वाढतो, पहिल्या बाटलीने अल्कतेचा, दुसऱ्या बाटलीने जडपणाचा. पुढे कुठलीही कृती करायची झाली तर इतकंच लक्षात ठेवलं की पुरे.

सोडा गार पाण्यातच विरघळवा. लवकर विरघळावा म्हणून पाणी उकळलं, तर बायकार्बोनेटमधून वायू निघून जातो, कार्बोनेट तयार होतं आणि द्रावण जास्त तिखट अल्कधर्मी होतं. दोन्ही पावडरी एकाच बाटलीत घालण्याचा मोह टाळा. दाट द्रावणात मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट शेजारी आले की काही दिवसांत तळाशी पांढरा गाळ बसतो, आणि मग वरच्या पाण्यात काय उरलं हे कोणालाच सांगता येत नाही. सौम्य केलेल्या, टाकीत जाणाऱ्या पाण्यात दोन्ही एकत्र सुखाने राहतात.

बाटल्यांवर नाव, माप आणि तारीख लिहा. रंगहीन द्रावण आहे, फ्रिजमध्ये ठेवलं की घरातलं कोणीही पाणी समजून तोंडाला लावेल. महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच करा. गढूळपणा किंवा तंतू दिसला तर फेकून द्या.

पहिली कृती : मशीनसाठी सगळ्यात निर्धास्त

एका लिटर कोऱ्या पाण्यात अल्कतेच्या बाटलीतलं ५ मिली. झालं.

पोटॅशियमचं द्रावण वापरलं तर लिटरमागे १०० मिलिग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट होतं. ही कृती रॉबर्ट पॅव्हलिस या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने कॉफीवाल्यांत 'आरपॅव्हलिस' म्हणून ओळखली जाते. अल्कता ५० पीपीएम, जडपणा शून्य. कॅल्शियमच नाही, त्यामुळे थर बसायला काही उरत नाही, बॉयलर कितीही तापला तरी. पाण्यात वीज वाहण्यापुरते आयन असतात, त्यामुळे पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर नीट चालतो. हा सेन्सर म्हणजे बॉयलरमध्ये सोडलेली एक धातूची काडी. पाणी काडीला टेकलं की पाण्यातून वीज बॉयलरच्या भिंतीपर्यंत पोचते आणि पंप थांबतो. कोऱ्या पाण्यातून ती पोचत नाही, म्हणून पंप थांबत नाही आणि वाफेच्या नळीतून पाणी येऊ लागतं. असं झालं की मशीन बिघडलं असं समजून मेकॅनिकला बोलावण्याआधी पाणी तपासा.

दूध घालून कॉफी घेणाऱ्यांना, आणि मध्यम किंवा गडद भाजणीला, या पाण्यात काही कमी वाटत नाही. मोठा वाफेचा बॉयलर असलेल्या मशीनला आमची पहिली शिफारस हीच.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पोटॅशियमवर बंधन असू शकतं. या कृतीत लिटरला ३९ मिलिग्रॅम पोटॅशियम येतं. ते थोडं असलं तरी अशा घरात डॉक्टरांना विचारा किंवा सोड्याची बाटली वापरा. सोड्याने लिटरला साधारण २३ मिलिग्रॅम सोडियम येतं.

दुसरी कृती : चवीला भरीव

एका लिटरला अल्कतेचं ४ मिली आणि मॅग्नेशियमचं ६ मिली. अल्कता ४०, जडपणा ६०, आणि तो सगळा मॅग्नेशियमचा. लिटरमागे मॅग्नेशियम १५ मिलिग्रॅमच्या आत राहतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००मध्ये, मॅग्नेशियमची स्वीकार्य मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे आणि सल्फेटची २००. आपलं सल्फेट ५८च्या आसपास येतं.

चिकमगळूरच्या हलक्या भाजणीच्या दाण्यांची काळी कॉफी या पाण्यात जास्त खुलते. चव जुळवताना मॅग्नेशियमला हात लावण्याआधी अल्कता बदलून बघा, चवीवर तिचा परिणाम जास्त असतो. कॉफी टोचत असेल तर ४चं ५ मिली करा, सपाट वाटत असेल तर ३ करा. ३च्या खाली मात्र मशीनसाठी उतरू नका. मॅग्नेशियम ८ मिलीपर्यंत नेता येतं, पण ते किटलीतून हाताने ओतायच्या कॉफीसाठी ठेवा.

एक उदाहरण, आकड्यांसकट

समजा, छत्रपती संभाजीनगरातला फ्लॅट आहे आणि बोअरचं पाणी येतं. नळाचा टीडीएस ७८०, आरओच्या नळाचा ११०. वरवर बघता ११० चांगला वाटतो. थेंबांच्या किटमध्ये १० मिली पाण्याला जडपणाचे सात थेंब लागतात, म्हणजे साडेतीन अंश, ६० पीपीएमच्या वर. मॉड्युलेटर उघडा आहे हे इथेच कळतं. या पाण्यावर दुसरी कृती केली असती तर जडपणा १२०च्या पुढे गेला असता, त्यात अर्धं योगदान बोअरचं, आणि वर आपण स्वतः बायकार्बोनेट वाढवून थराची तयारी करून दिली असती.

मॉड्युलेटर बंद करून, टाकी रिकामी करून पुन्हा मोजलं. टीडीएस २८, आणि जडपणाच्या चाचणीत पहिल्याच थेंबाला रंग पालटला. उरलेले २८ सगळे मिठाचे धरले तरी क्लोराइड साधारण १६ मिलिग्रॅम. पाणी चालेल.

आता पाच लिटरचा कॅन भरायचा. पहिल्या कृतीला पोटॅशियमच्या द्रावणाचे २५ मिली, म्हणजे १० मिलीच्या सिरिंजने दोन भरलेल्या आणि एक अर्धी. द्रावण आधी कॅनमध्ये घाला आणि वरून पाणी ओता, म्हणजे ते आपोआप मिसळतं. टीडीएस मीटरवर आता ८५च्या आसपास आकडा दिसायला हवा, २८ मूळचे आणि ५७च्या जवळपास आपण घातलेले. दुसरी कृती केली असती तर २० मिली आणि ३० मिली, आणि मीटर १३०च्या आसपास. पाच-दहा इकडेतिकडे झाले तर चिंता नको, हे मीटर तेवढे अचूक नसतात. पण ८५च्या जागी १५० आले तर कुणीतरी द्रावण दोनदा घातलं आहे किंवा मॉड्युलेटर पुन्हा उघडला गेला आहे. मूळ पाणी एकदा नीट तपासलं की पुढे दर कॅनला एवढी एक मीटरची नजर पुरते. महिन्यातून एकदा थेंब काढा : पहिल्या कृतीत केएचला १० मिलीमागे सहाच्या आसपास थेंब लागतात आणि जीएच शून्याजवळ असतो.

वाफेच्या बॉयलरचं गणित

चांगली कृती वापरूनही वर्षभराने वाफेच्या बॉयलरमध्ये पांढरं काही सापडतं आणि दोष कृतीला दिला जातो. कारण वेगळं असतं. कॉफीच्या बॉयलरमधून पाणी खनिजांसकट कपात जातं. वाफेच्या बॉयलरमधून जाते ती फक्त वाफ, आणि वाफेत खनिजं नसतात. जेवढी वाफ गेली तेवढं नवं पाणी आत येतं, आपली खनिजं घेऊन, आणि ती आतच राहतात. मिठागरात होतं तेच इथे बंद भांड्यात होतं.

घरात रोज चार कप दुधाची कॉफी होते असं धरा. एका कपाचं दूध तापवायला आणि नळी साफ करायला मिळून साधारण १७-१८ ग्रॅम वाफ लागते, म्हणजे दिवसाला ७० मिली. बॉयलर दीड लिटरचा असेल तर तीन आठवड्यांत त्याच्या आकाराएवढं पाणी वाफ होऊन जातं आणि आतली खनिजं दुप्पट होतात. सहा महिन्यांत ती नऊपटीच्या पुढे जातात. दुसऱ्या कृतीचं ६०चं पाणी आत साडेपाचशेच्या वर गेलेलं असतं, आणि एवढ्या दाटीत मॅग्नेशियमही गाळ धरू शकतं. मूळ पाण्यात थोडं मीठ असेल तर तेही त्याच पटीत वाढतं, ही जास्त काळजीची गोष्ट. वर टीडीएस ३०च्या खाली हवा असा आग्रह धरला तो याचसाठी.

उपाय सोपा आहे. मशीनला चहासाठीचा गरम पाण्याचा नळ असेल तर ते पाणी वाफेच्या बॉयलरमधूनच येतं. आठवड्यातून एकदा २५० मिली पाणी तिथून काढून ओतून द्या. आठवड्याला अर्धा लिटर वाफ जाते आणि पाव लिटर पाणी काढलं जातं, तर आतली दाटी मूळच्या तिप्पट झाली की तिथेच स्थिरावते, पुढे वाढत नाही. अर्धा लिटर काढलं तर दुपटीवर थांबते. गरम पाण्याचा नळच नसेल तर पहिल्या कृतीवर राहा आणि मशीनच्या पुस्तिकेत बॉयलर रिकामा करायची पद्धत दिलेली असेल तर दर तीन महिन्यांनी ती करा. काही मशीनमध्ये चहाच्या नळाला दोन्हीकडचं पाणी मिसळून येतं, ते पुस्तिकेतल्या आकृतीवरून कळतं. अशा वेळी काढायचं माप वाढवा.

बदल करताना आणि नंतर

आजवर जड पाण्यावर चाललेलं मशीन असेल तर आधी पुस्तिकेप्रमाणे डिस्केल करून घ्या, मग नवं पाणी सुरू करा. जुना थर आत असताना जडपणा नसलेलं पाणी घातलं, तर थर हळूहळू सुटतो आणि त्याचे कण ग्रूपकडे, म्हणजे कॉफीचं हँडल बसतं त्या भागाकडे, जाणाऱ्या बारीक जेटमध्ये अडकतात. पाण्याचा प्रवाह अचानक निम्मा झाला तर आधी तिथे बघा.

टाकीत मऊपणासाठीची रेझिनची पिशवी किंवा फिल्टर असेल तर काढून टाका. तो आपण मोजून घातलेलं मॅग्नेशियम खाऊन बदल्यात सोडियम सोडतो, आणि काही प्रकारचे फिल्टर बायकार्बोनेटही घालवतात. मशीनच्या सेटिंगमध्ये फिल्टरची किंवा डिस्केलची आठवण लागलेली असेल तर ती फक्त कप मोजते, पाण्यात काय आहे हे तिला कळत नाही.

ग्रूपच्या कडेला किंवा वाफेच्या नळीच्या टोकाला कधी पांढरी पूड दिसते. थर बसला म्हणून घाबरायच्या आधी ओल्या फडक्याने पुसा. थेंब सुकून उरलेलं बायकार्बोनेट साध्या पाण्याने एका हातात निघतं, खरा थर निघत नाही. व्हिनेगर टाकून फेस येतो का हे बघू नका, फेस दोघांनाही येतो. पुसून न निघणारा खरखरीत थर सापडला तर कॅल्शियम कुठून तरी येत आहे. तेव्हा किट घेऊन थेट आरओच्या नळाशी जा, मग कॅन, मग टाकी, असं क्रमाने मोजा. बहुतेक वेळा सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाने मॉड्युलेटर पुन्हा उघडलेला असतो किंवा नवं मिनरल कार्ट्रिज बसवलेलं असतं. सर्व्हिसिंग झाल्यावरचा पहिला कॅन मशीनमध्ये जाण्याआधी थेंबांखाली जायला हवा.